रॉक संगीत, महाराष्ट्रातील

अमेरिकेत १९५० च्या दशकात उदयास आलेल्या रॉक अँड रोल ह्या लोकप्रिय संगीतप्रकाराचा महाराष्ट्रात, मुख्यतः मुंबई शहरात, सु. १९६० नंतर प्रसार झाला. विद्युत् गिटार, बास गिटार, ड्रमसंच व गायन ही ह्या संगीताची मूलभूत अंगे होत. तीन ते सहा वादक-गायकांचा समूह हे त्याचे सर्वमान्य घटक-एकक असून त्यास प्रथम ‘बीट ग्रुप’ व पुढे ‘बँड’ असे म्हणण्यात येऊ लागले. महाराष्ट्रातील रॉक संगीताचा इतिहास पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ह्या संगीताची भाषा दीर्घकाळ इंग्रजीच राहिली. परंतु त्याच काळात, त्याच शहरात आणि कित्येकदा त्याच घरांत मराठी गाणे विद्युत् वाद्यांवर वाजतच होते. ही दोन्ही प्रवाहांची सहवसती कशी घडली, हे समजण्यासाठी गायक-वादकांच्या आवडीनिवडीपेक्षा त्यांना कोणते व्यासपीठ उपलब्ध होते आणि त्या व्यासपीठाच्या अटी कोणत्या होत्या, ह्यांचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरते. प्रस्तुत नोंदीत हा विचार मुख्यतः स्पर्धा, महाविद्यालयीन महोत्सव आणि मराठी रंगभूमी ह्या तीन व्यासपीठांच्या अनुषंगाने केला आहे.

पार्श्वभूमी : मुंबईत पाश्चात्त्य संगीताची परंपरा रॉकच्या आधीपासून होती. गोमंतकीय ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन वादक हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करीत. स्वरलिपी वाचता येणारा, ट्रंपेट किंवा व्हायोलिन वाजवणारा असा हा वर्ग व्यावसायिक होता. याउलट रॉक संगीताकडे वळलेला तरुण बहुधा शाळा-महाविद्यालयात शिकणारा असून त्याचे शिक्षण ध्वनिमुद्रिका व रेडिओ ऐकून झालेले असे. रेडिओ सिलोनवरील इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रम आणि परदेशातून येणाऱ्या नातलगांकरवी मिळालेल्या ध्वनिमुद्रिका ही त्याची पाठ्यपुस्तके होती. तबकडीची सुई पुन्हापुन्हा त्याच जागी ठेवून एकेक सुरावट कानाने उतरवून घेणे, ही त्या काळची सर्वसामान्य अभ्यासपद्धती होय. १९६३–६४ मध्ये इंग्लंडमधील बीटल्स ह्या समूहाला मिळालेल्या जागतिक कीर्तीनंतर मुंबईत असे अनेक समूह स्थापन झाले. ‘द जेट्स’, ‘द सॅव्हेजेस’, ‘द मिस्टिक्स’, ‘द कम्बस्टिबल्स’ ही त्यांपैकी काही ठळक नावे. पुढे गोव्यातील प्रसिद्ध गायक-रचनाकार म्हणून नावारूपास आलेले रेमो फर्नांडिस हे मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात शिकत असताना सॅव्हेजेस ह्या समूहात वाजवीत.

ह्या समूहांपुढील पहिली अडचण वाद्यांची होती. परदेशी बनावटीच्या गिटार व ध्वनिवर्धकांच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि जकातही मोठी होती. परिणामी एखाद्या समूहाकडे चांगले विद्युत् गिटार असणे हीच त्याची ओळख ठरे व ते गिटार अन्य समूहांना उसने दिले जाई. इतरांना देशी बनावटीच्या गिटारीवर आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने जुळवलेल्या ध्वनिवर्धकावर भागवावे लागे. सभागृहातील ध्वनियंत्रणा बहुधा जाहीर सभांसाठी बनवलेली असे. तिच्या कर्ण्यांतून मनुष्याच्या बोलण्याचे मध्यम पट्टीतील स्वर दूरवर पोचतात. बास गिटारचा खर्ज मात्र त्यांतून जवळजवळ उमटतच नाही. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या दिशेने वेगळा ध्वनिक्षेपक ठेवण्याची सोय नसल्यामुळे तो हळूहळू वरच्या पट्टीत ओरडू लागे आणि ध्वनिग्राहक कर्ण्याच्या समोर आला की शिटीसारखा कर्कश आवाज निघे. त्या पिढीतील गायकांच्या कडक, खड्या गायनशैलीमागे परदेशी आदर्शांइतकाच ह्या यंत्रणेचाही वाटा असावा.

स्पर्धांचे पर्व : रॉक समूहांना पहिले अखिल भारतीय व्यासपीठ मिळाले ते एका सिगारेट-उत्पादकाच्या जाहिरात-योजनेतून. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ ह्या सिगारेटच्या प्रसिद्धीसाठी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘सिमला बीट’ ही स्पर्धा सुरू केली. ती १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. निरनिराळ्या शहरांत प्राथमिक फेऱ्या होऊन निवडक समूह मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहातील अंतिम फेरीसाठी येत. १९७० आणि १९७१ ह्या वर्षांच्या स्पर्धकांच्या गीतांच्या दोन दीर्घध्वनिमुद्रिका उपलब्ध असून त्या काळातील भारतीय रॉकचा तो सर्वांत महत्त्वाचा ध्वनिमुद्रित पुरावा होय. त्यांत मुंबईसह कलकत्ता, मद्रास, बंगलोर, अहमदाबाद, कोईमतूर इ. ठिकाणचे समूह आहेत. परदेशी गीतांची रूपांतरे आणि स्वरचित गीते असे दोन्ही प्रकार त्यांत आढळतात. भाषा मात्र इंग्रजी आहे.

ह्यामागील कारणे स्पर्धेच्या घडणीतच सापडतात. मद्रासच्या समूहाचे तमिळ गीत आणि मुंबईच्या समूहाचे मराठी गीत ह्यांची तुलना करणारा परीक्षक मिळणे कठीण. इंग्रजी गीताच्या बाबतीत मात्र सर्व स्पर्धक, परीक्षक व श्रोते एकाच पातळीवर येत. शिवाय मूळ परदेशी ध्वनिमुद्रिका हा एक तयार मानदंड सर्वांच्या कानांत होता आणि समूह त्याच्या किती जवळ पोचला, हे कोणालाही सांगता येई. कलकत्त्याहून १९६७ ते १९७७ ह्या काळात निघालेल्या ज्युनिअर स्टेट्समन ह्या तरुणांच्या इंग्रजी साप्ताहिकाने ह्या विखुरलेल्या शहरांतील वाचकांना एकत्र जोडले. अशा रीतीने इंग्रजी ही ह्या वर्तुळाची केवळ गीतांची भाषा नव्हे, तर पत्रव्यवहाराची, जाहिरातीची आणि निवेदनाचीही भाषा बनली.

स्पर्धेबाहेरचे व्यासपीठ म्हणजे मुंबईतील हॉटेले व नृत्यगृहे. १९७० च्या दशकातील ‘अटॉमिक फॉरेस्ट’ हा समूह अशा ठिकाणी नित्य वाजवी. त्याची ऑब्सेशन ७७ ही दीर्घध्वनिमुद्रिका त्या दशकातील मोजक्या भारतीय रॉक ध्वनिमुद्रिकांपैकी एक होय. येथे श्रोता नाचण्यासाठी येत असल्याने त्याला ओळखीचे गाणे हवे असे आणि त्यामुळे रूपांतरित गीतांचा पगडा अधिकच दृढ झाला.

महाविद्यालयीन महोत्सव : १९७१ हे वर्ष महाराष्ट्रातील रॉकच्या दृष्टीने दोन कारणांनी लक्षणीय आहे. त्या वर्षी लोणावळ्याजवळील मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ हा उघड्यावरचा संगीत महोत्सव भरला. अमेरिकेतील वुडस्टॉक (१९६९) महोत्सवाच्या धर्तीवरील हा प्रयोग नियमित परंपरेत मात्र रूपांतरित झाला नाही. त्याच वर्षी पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत ‘मूड इंडिगो’ हा विद्यार्थ्यांचा सांस्कृतिक महोत्सव सुरू झाला आणि तो टिकला. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाचा ‘मल्हार’ हा महोत्सव १९७९ मध्ये सुरू झाला. मद्रास, दिल्ली, कानपूर, खरगपूर येथील तंत्रविद्या संस्थांतही असे वार्षिक महोत्सव भरू लागले.

मळवलीचा प्रयोग विरला आणि पवईचा रुजला, ह्यातील फरक अर्थव्यवहाराचा आहे. उघड्या माळावरील महोत्सवाला जागा, वीज, पाणी, तिकिटे व बंदोबस्त ह्यांची सोय शून्यातून करावी लागते. महाविद्यालयाकडे सभागृह वा मैदान, वसतिगृह, भोजनगृह आणि वेतनाविना राबणारे शेकडो विद्यार्थी आधीच असतात. बाहेरगावच्या समूहाला रेल्वेचे तिसऱ्या वा दुसऱ्या वर्गाचे भाडे मिळाले आणि वसतिगृहात झोपण्याची जागा झाली, की तो येऊ शके. ध्वनियंत्रणेचे भाडे ही एकच मोठी रोख बाब उरे आणि ती जाहिरातदाराकडून वसूल करता येई. एका महोत्सवात यशस्वी झालेल्या समूहाला दुसऱ्या संस्थेचे विद्यार्थी-संयोजक निमंत्रण देत. डिसेंबर ते फेब्रुवारी ह्या काळात असे तीन-चार महोत्सव जोडून घेतले, की समूहाचा एक हंगाम पूर्ण होई. ह्यालाच महोत्सवांचे वर्तुळ म्हणतात.

ह्या वर्तुळाचा मध्यबिंदू म्हणजे समूहांची स्पर्धा. मूड इंडिगोमधील ‘लाइव्हवायर’ ही अशा स्पर्धांपैकी विशेष प्रसिद्ध. तिचा प्रघात सामान्यतः असा : प्रत्येक समूहाला वाद्ये जुळवण्यासह मोजकीच मिनिटे दिली जातात, ड्रमसंच व ध्वनिवर्धक सर्वांसाठी सामाईक असतात, गिटारवादक आपले गिटार व पायाने दाबायची ध्वनिपरिणामक यंत्रे घेऊन येतो. समूहाबरोबरच उत्कृष्ट गायक, गिटारवादक व ड्रमवादक अशी वैयक्तिक पारितोषिकेही दिली जातात. ह्या चौकटीचा संगीतावर थेट परिणाम होतो. वीस मिनिटांत तीन-चार गीतेच बसतात. त्यांपैकी एखादे श्रोत्यांना तोंडपाठ असलेले घेतले, की मैदान ताब्यात येते. वैयक्तिक पारितोषिकांमुळे गिटारच्या लांबलचक एकलवादनाला आणि ड्रमवादकाच्या कौशल्यप्रदर्शनाला उत्तेजन मिळते. गीताचे शब्द मात्र अशा गोंगाटात क्वचितच ऐकू जातात. त्यामुळे शब्दांवर कष्ट घेणाऱ्या समूहाला त्याचे गुण मिळण्याची शक्यता कमी असते. प्रादेशिक भाषेत लिहू पाहणाऱ्याची ही दुहेरी अडचण होती. त्याचे गाणे श्रोत्यांना ओळखीचे नसे आणि ज्या गुणामुळे ते वेगळे ठरावे तो गुण, म्हणजे शब्द, कर्ण्यांत हरवून जाई.

मराठीचा विद्युत् ध्वनी : ह्याचा अर्थ मराठी गाणे विद्युत् वाद्यांपासून दूर राहिले असा नव्हे. गिरगाव, लालबाग, दादर येथील गणेशोत्सवांत १९६० नंतर जे ऑर्केस्ट्रा गाजू लागले, त्यांत विद्युत् गिटार, अकॉर्डियन, बाँगो व ड्रम ही वाद्ये होतीच; त्यांवर मराठी भावगीते, कोळीगीते आणि हिंदी चित्रपटगीते वाजत. त्याहूनही रॉकच्या ध्वनीला जवळचा प्रकार म्हणजे बेंजो पार्टी. मूळच्या जपानी ‘ताइशोगोतो’ ह्या वाद्यापासून आलेल्या बुलबुलतरंगाला महाराष्ट्रात बेंजो म्हणतात. टंकलेखन यंत्रासारख्या कळा डाव्या हाताने दाबल्या, की त्या तारांना हव्या त्या जागी रोखतात आणि उजव्या हातातील नखीने तारा छेडल्या जातात. लाकडी पेटीत चुंबकीय ध्वनिग्राहक बसवून त्याचा आवाज हातगाडीवरील वा टेंपोवरील कर्ण्यांतून सोडला जातो. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग–नागाव–चौल–रेवदंडा ह्या पट्ट्यातील कोळी-आगरी वस्त्यांत, हळदी, वराती व गणेशविसर्जन ह्या प्रसंगी पारंपरिक खालूबाजाच्या जोडीला बेंजोही रूढ झाला आहे. इंग्रजी रॉक समूह गिटारचा जो फाटलेला, खरखरीत आवाज खास विद्युत्-मंडलाच्या साहाय्याने मिळवीत, तो बेंजोला कर्ण्याची क्षमता ओलांडल्यामुळे आपसूक लाभे. मात्र मिरवणुकीतले हे वादन बहुधा शब्दविरहित. माहीत असलेल्या गीताची चाल वाजवणे हेच त्याचे काम. मराठी शब्द, विद्युत् वाद्ये आणि रॉकचा ठेका ही तिन्ही एकत्र येण्यासाठी वेगळ्या व्यासपीठाची गरज होती. ते मराठी रंगभूमीने पुरवले.

ह्या संदर्भात गायक नंदू भेंडे (मृ. ११ एप्रिल २०१४) ह्यांची वाटचाल उद्बोधक आहे. त्यांचे वडील आत्माराम भेंडे हे मराठी रंगभूमीवरील नामवंत नट व दिग्दर्शक. आई आशा भेंडे ह्याही अभिनेत्री व लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. माहेरच्या त्या लिली इझिकेल, म्हणजे बेने इस्रायल समाजातील. ह्या ज्यू समाजाचे मूळ वसतिस्थान रायगडचाच किनारा असून त्याची मातृभाषा मराठी व कित्येक आडनावे तेथील गावांवरून पडलेली आहेत. अशा पूर्णतः मराठी नाट्यसंस्कार असलेल्या घरातील हा मुलगा १९७० च्या दशकात ‘व्हेल्व्हेट फॉग’ आणि ‘सॅव्हेजेस’ ह्या मुंबईच्या समूहांतून इंग्रजी रॉक गीते गात होता. १९७४ मध्ये अलेक पदमसी ह्यांनी मुंबईत जीझस क्राइस्ट सुपरस्टार ह्या इंग्रजी रॉक संगीतिकेचा प्रयोग केला. त्यात भेंडे ह्यांनी जूडासची भूमिका गायिली. संगीतिकेत गायकाला पात्र उभे करावे लागते. प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो आणि गीताला कथानकातील स्थान असते. महोत्सवाच्या मैदानावर न मिळणारे हे शिक्षण होते.

पुढची पायरी १९७८ मध्ये आली. बेर्टोल्ट ब्रेक्ट व संगीतकार कुर्ट व्हाइल ह्यांच्या १९२८ मधील जर्मन संगीतिकेचे पु. ल. देशपांडे ह्यांनी तीन पैशाचा तमाशा हे मराठी रूपांतर केले. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले. मूळ संगीतिकेतच रस्त्यावरचे गाणे, जॅझ आणि ऑपेरा ह्यांची उपरोधपूर्ण सरमिसळ आहे. मराठी रूपांतरात तिची जागा नाट्यसंगीत, तमाशाचा बाज आणि पाश्चात्त्य पॉप-रॉक ह्यांच्या शेजारणीने घेतली. दरोडेखोर नायक अंकुश ह्याच्या भूमिकेत नंदू भेंडे होते. बाकीच्या पात्रांच्या देशी चालींमध्ये ह्या शहरी गुन्हेगाराचे पाश्चात्त्य ढंगाचे गाणे उठून दिसे आणि ते तसे दिसण्याला नाट्यदृष्ट्या प्रयोजन होते. मराठी प्रेक्षकाला रॉकचा ढंग ह्या वेळी परका वाटला नाही. कारण तो एका पात्राचा स्वभाव म्हणून त्याच्यासमोर आला. रॉक गायक भाषा बदलून तोच आवाज कसा वापरू शकतो, ह्याचे हे एक आरंभीचे ठळक मराठी उदाहरण होय. भेंडे ह्यांनी पुढे हिंदी चित्रपटांसाठीही पार्श्वगायन केले. डिस्को डान्सर (१९८२) मधील त्यांचे गीत विशेष परिचित आहे. परंतु नाटकातील ह्या यशातून मराठी रॉक समूहांची परंपरा निर्माण झाली नाही. नाटकाचे प्रयोग थांबले, की त्यातील संगीताला वावरण्यास दुसरी जागा उरत नसे; महाविद्यालयीन वर्तुळ इंग्रजी होते आणि ऑर्केस्ट्राला नव्या गीतांपेक्षा लोकप्रिय गीते हवी होती. तुलनेसाठी कलकत्त्याचे उदाहरण घेता येईल. तेथे १९७० च्या दशकाच्या मध्यास गौतम चट्टोपाध्याय प्रभृतींनी ‘मोहिनेर घोडागुली’ हा बंगाली गीते गाणारा समूह काढला व १९७७ मध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तोही १९८१ च्या सुमारास विसर्जित झाला आणि त्याचे महत्त्व पुढच्या पिढीनेच ओळखले.

स्वरचित गीतांकडे : मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ ह्या समूहाने रूपांतरित गीतांची चौकट मोडली. गिटारवादक महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल इत्यादींचा हा समूह आरंभी परदेशी गीतेच वाजवीत असे. पुढे मात्र त्याने कार्यक्रमांत स्वतःच्या रचनांचा आग्रह धरला. रॉक अँड रोल रेनिगेड (१९८८) आणि द सेकंड कमिंग (१९९०) ह्या त्याच्या ध्वनिमुद्रिकांतील गीते इंग्रजी असून ती पूर्णपणे स्वरचित आहेत. १९९३ मध्ये समूहाने ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले. नाव सिंधू नदीचे, शब्द इंग्रजी आणि वाद्यमेळात अधूनमधून भारतीय वाद्ये, असे त्याचे रूप होते. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय समूहालाही आपण कोण, हा प्रश्न टाळता आला नाही, असे ह्या नामांतरावरून दिसते.

स्वरचित संगीताला मुंबईत जागा मिळवून देण्यात ‘इंडिपेंडन्स रॉक’ ह्या महोत्सवाचा वाटा मोठा आहे. फरहाद वाडिया ह्यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास धोबीतलाव येथील रंगभवन ह्या खुल्या नाट्यगृहात भरत असे. शासकीय मालकीच्या ह्या नाट्यगृहाचे भाडे परवडण्याजोगे होते आणि रेल्वेस्थानके जवळ असल्याने उपनगरांतील श्रोत्यांना तेथे येणे सोपे होते. महाविद्यालयाचा विद्यार्थी नसलेल्यालाही येथे प्रवेश असल्यामुळे रॉकचा श्रोतृवर्ग रुंदावला. परंतु रंगभवनाच्या शेजारीच सेंट झेवियर महाविद्यालय, तसेच कामा व गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये आहेत. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या केंद्रीय नियमांनुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये ह्यांभोवतालचे किमान १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतताक्षेत्र ठरवता येते आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही ध्वनिमर्यादा आहे. साध्या संभाषणाची पातळीच सु. ६० डेसिबल असते, हे लक्षात घेता ह्या मर्यादेत रॉकचा कार्यक्रम होणे अशक्य होते. रंगभवनातील असे कार्यक्रम बंद पडले व मुंबईच्या रॉकचे सर्वांत सोयीचे सार्वजनिक व्यासपीठ गेले. नंतरचे महोत्सव दूरच्या मैदानांत आणि महाग तिकिटांच्या जागांत विखुरले.

मराठी शब्द आणि रॉकचा ठेका : मराठी रॉक उशिरा आले, ह्याला व्यासपीठाबरोबरच एक छंदःशास्त्रीय कारणही दिले जाते. रॉकच्या चार मात्रांच्या आवर्तनात ड्रमवादक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोराचा आघात करतो. इंग्रजी शब्दांत एक अवयव आघातयुक्त व इतर दुर्बल असल्यामुळे कवी आघातयुक्त अवयव ठेक्याच्या जागी बसवतो व दुर्बल अवयव मधल्या फटींत कोंबतो. मराठीत आघाताला असे अर्थभेदक महत्त्व नाही, ऱ्हस्वदीर्घाला आहे. त्यामुळे शब्द ठेक्यावर कोठेही सरकवता येतो, परंतु ऱ्हस्व स्वर ताणता येत नाही. ‘मन’ ह्या शब्दाचे पहिले अक्षर दोन मात्रा लांबवले, तर ‘मान’ ऐकू येते. शेवटचे लांबवले, तर ‘मना’ असे संबोधन होते. इंग्रजी गीताच्या चालीवर मराठी शब्द बसवलेले गीत हास्यास्पद वाटते, ते बहुधा ह्याच कारणाने. ह्यावरचा उपाय असा, की ओळीच्या शेवटी आ, ई, ए, ओ असे दीर्घ स्वर येतील अशी शब्दयोजना करावी. अन्यथा शब्द आखूड सोडून उरलेल्या मात्रा गिटारने भरून काढाव्यात.

ह्या दृष्टीने अभंग हा छंद रॉकला विशेष अनुकूल आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ व ४ अक्षरे असतात. भजनी ठेका आठ मात्रांचा असून तो रॉकच्या चार मात्रांच्या दोन आवर्तनांबरोबर येतो. सहा अक्षरांच्या चरणातील पहिली चार अक्षरे एकेका मात्रेवर आणि शेवटची दोन दोन-दोन मात्रांवर घेतली, की आठ मात्रा भरतात. चार अक्षरांच्या चरणात प्रत्येक अक्षर दोन मात्रा घेते. अशा रीतीने संपूर्ण अभंगकडवे ३२ मात्रांचे, म्हणजे रॉकच्या आठ आवर्तनांचे होते. रॉक गीताच्या कडव्यातही आठ आवर्तनांचा गट रूढच आहे. अभंगातील अक्षरे लघुगुरूंच्या बंधनात नसून परंपरेने लांबवूनच गायिली जात असल्यामुळे येथे ताणलेले अक्षर कानाला खटकत नाही. स्वरांच्या बाबतीतही अडचण येत नाही. रॉकमधील गिटारवादक पुष्कळदा षड्ज व पंचम ह्या दोनच स्वरांचा जोड वाजवतो. त्यात गंधार नसल्यामुळे वरची चाल कोमल गंधाराची असो वा शुद्ध गंधाराची, त्या जोडाशी तिचा विसंवाद होत नाही. तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमाचेच काम तो अधिक जोराने करतो. पूर्ण त्रिस्वरी जोड वाजवला आणि त्यातील गंधार चालीतल्या गंधाराहून भिन्न असला, की मात्र चाल बिघडते. अभंगरॉकचे अनेक प्रयत्न फसतात ते येथेच.

मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ ह्या समूहाने २०१० च्या दशकात गिटार, बास व ड्रम ह्यांच्या साथीने वारकरी संतांचे अभंग मांडण्यास प्रारंभ केला. त्याला मिळालेला प्रतिसाद पाहता मराठी रॉकची शक्यता भाषेच्या अंगभूत मर्यादेमुळे अडली होती, असे म्हणता येत नाही. ह्याच काळात रॉक समूहांना ध्वनिमुद्रणासाठी कंपनीवर व प्रसिद्धीसाठी स्पर्धेवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. गायकाचा शब्द श्रोत्याच्या कानापर्यंत थेट पोचू लागला आणि मैदानी कर्ण्यांमुळे येणारी अडचण दूर झाली.

सद्यःस्थिती : मुंबई-पुण्याच्या रॉक समूहांत आज इंग्रजी, हिंदी व मराठी ह्या तिन्ही भाषांतील गायन आढळते. जड धातुध्वनीच्या, म्हणजे ‘मेटल’ ह्या उपप्रकारात इंग्रजीचे प्राबल्य कायम आहे. कारण त्याचा श्रोतृवर्ग अनेक देशांत विखुरलेला आहे आणि त्यातील ओरडण्याच्या गायनशैलीत शब्द कोणत्याही भाषेत अस्पष्टच राहतात. जेथे श्रोता शब्द ऐकण्यासाठी येतो तेथे हिंदी व मराठी पुढे येतात. महाविद्यालयीन महोत्सवांत स्वरचित प्रादेशिक गीतांना मज्जाव राहिलेला नाही. तथापि मोजक्या मिनिटांची स्पर्धा हीच त्यांची चौकट असल्याने ओळखीच्या गीतांचा मोह तेथे पूर्णपणे ओसरलेला नाही. एकाच वादकाने सकाळी हळदीच्या मांडवात बेंजो पार्टीला साथ करावी आणि संध्याकाळी महाविद्यालयाच्या रंगमंचावर इंग्रजी गीतासाठी बास गिटार वाजवावी, हे आज किनाऱ्यावरच्या तरुणाला अशक्य नाही. दोन्ही ठिकाणी ठेका चार मात्रांचाच असतो. बिदागी, श्रोते आणि भाषा तेवढी बदलते.